पुली बदलली, गणित केलं, तरी ब्लोअर पाचशेवरच

नागपुरात एप्रिल-मे महिन्यात अभ्यासिका चालवायची म्हणजे आधी हवा चालवायची. माझ्याकडे साठ मुलं बसतात. गच्चीवर डक्टिंगचा मोठा कूलर आहे. तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, आत बेल्टवर फिरणारा ब्लोअर आणि त्याला तीन एचपीची थ्री फेज मोटर. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती मोटर जळाली. वाइंडिंगवाल्याकडे कूलरच्या मोटरांचा ढीग लागलेला, त्याने आठ दिवस सांगितले. आठ दिवस थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून नवी घेतली.

जुनी मोटर मिनिटाला 960 फेऱ्यांची होती. दुकानात तयार मिळाली ती 1440ची. 'तीन एचपीला तीन एचपी' म्हणून घेऊन आलो. घोटाळा इथेच झाला आणि तो लक्षात यायला काही कारणही नव्हतं. नवी मोटर अंगाने लहान होती, पायांची भोकं जुळत नव्हती, ती बेसवर नव्याने पाडावी लागली. पण शाफ्ट दोन्हींचा 28 मिलीमीटरच. जुनी पाच इंची पुली चावीसकट अलगद बसली. जी वस्तू इतकी नीट बसते ती चुकीची असेल असं कोणाच्या मनात येईल?

बटण दाबलं. ब्लोअर असा घोंघावला की खालची मुलं बाहेर आली. पाऊण मिनिटात मोटर वाचवणारा रिले पडला. क्लॅम्प मीटरवर करंट अकरा अँपिअरच्या वर, मोटरच्या पट्टीवर लिहिलेला 4.8. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "रिलेचं सेटिंग वाढवून देतो." त्याचं ऐकलं असतं तर दुसरी मोटर त्याच दिवशी गेली असती. पुल्या त्याच ठेवून मोटर दीडपट वेगाची बसवली की ब्लोअरही दीडपट फिरतो, आणि ब्लोअरला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दीडचा घन म्हणजे जवळजवळ 3.4. जिथे दोन एचपी लागत होते तिथे पावणेसात मागू लागला. शिवाय ब्लोअरचा पंखा किती वेगापर्यंत धड राहील हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, त्याच्यापुढे नेणं निव्वळ धोक्याचं. ब्लोअरच्या अंगावरचा गंज घासला तेव्हा रंगाने लिहिलेला नेहमी चालवायच्या वेगाचा आकडा दिसला: आरपीएम 590. हा आकडा मी आधी शोधायला हवा होता. तुम्हीही आधी तोच शोधा.

आता ज्या चार दिवसांनी माझं डोकं फिरवलं ते सांगतो.

सूत्र सगळ्यांना माहीत असतं. मोटरचा वेग गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास बरोबर ब्लोअरचा वेग गुणिले त्याच्या पुलीचा व्यास. ब्लोअरवर आठ इंची पुली होती, शाफ्टवर गंजून चिकटलेली. ती काढायचा कंटाळा आला म्हणून मी मोटरचीच पुली बदलायचं ठरवलं. इतवारीत गेलो. दुकानदार गल्ल्यावरून मानही वर न करता म्हणाला, "पंधराशेची मोटर ना? मग तीन इंची न्या." मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला: 1500 गुणिले 3 भागिले 8, म्हणजे 562. पाचशे नव्वदपेक्षा थोडं कमी, पण चालेल म्हटलं. पुली घेतली, लेथवाल्याकडे बोअर पाडून घ्यायला अर्धा दिवस गेला, बेल्ट आखूड घ्यावे लागले ते वेगळंच.

चालू केलं. रिले पडला नाही, पण हवाही आली नाही. मागच्या ओळीतला मुलगा वही हलवून वारा घेत होता. बेल्टचा वास येत होता. आमचे मिस्त्रीभाऊ फेरे मोजायचा टॅकोमीटर घेऊन आले, ब्लोअरच्या शाफ्टवर धरला, आकडा आला 500. माझ्या हिशोबापेक्षा साठ कमी.

"गणित बरोबर हाय तं मंग फिरून काऊन नाही राहिलं?" भाऊंनी विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, बेल्ट ढिले असतील, ताणा. ताणले. दोन-चार फेऱ्यांचा फरक. आणखी ताणले तर बेअरिंग गरम. मोटर उलटी फिरते का तेही पाहिलं. हे जरूर बघा, कारण असला ब्लोअर उलटा फिरला तरी हवा पुढेच फेकतो, फक्त कमी, आणि माणूस पुलीला दोष देत बसतो. आमची दिशा बरोबर होती. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मेन स्विच पाडला, दोन्ही पुल्यांवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "तुमी ब्लोअर फिरवा, मी मोटर मोजतो." मी हाताने ब्लोअर सावकाश बरोबर दहा वेळा फिरवला. आठ भागिले तीन धरलं तर मोटरचे पावणेसत्तावीसच्या आत फेरे व्हायला हवे होते. भाऊंनी मोजले सव्वाअठ्ठावीस. पुन्हा केलं, तेच. वीज नाही, भार नाही, बेल्ट घसरायचं कारण नाही, आणि तरीही पुल्यांचं प्रमाण 2.67 नव्हे, 2.82 निघालं. म्हणजे आम्ही मोजलेला व्यास आणि बेल्ट ज्या व्यासावर चालतो तो, हे दोन वेगळेच होते.

खाचेत बसलेल्या व्ही बेल्टकडे बाजूने नीट पाहा. तो तळाला टेकत नाही, दोन तिरप्या भिंतींत पाचरीसारखा अडकतो. ओढ घेणारे दोरे बेल्टच्या पोटात असतात आणि वेगाचा हिशोब त्या दोऱ्यांच्या वर्तुळावर होतो. त्यालाच पिच डायमीटर म्हणतात. ए सेक्शनच्या बेल्टला, म्हणजे ज्याची वरची रुंदी 13 मिलीमीटर असते त्याला, हे वर्तुळ पुलीच्या कडेपासून साधारण 3.3 मिलीमीटर आत असतं. दोन्ही बाजू मिळून 6.6, म्हणजे मोटामोटी पाव इंच. दुकानात मात्र पुली बाहेरच्या व्यासाने मागतात आणि देतात. आठातून पाव गेला तर पावणेआठ उरतात, काही विशेष बिघडत नाही. तिनातून पाव गेला की पावणेतीन, आणि तिथे फटका बसतो. पावणेआठ भागिले पावणेतीन, 2.82. खडूच्या रेघांनी हेच दाखवलं होतं.

मग उरलेल्या चुकाही सापडल्या. 'पंधराशेची मोटर' हे बाजारातलं बोलणं झालं. 50 हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र 1500ने फिरतं, शाफ्ट त्याच्या मागे राहतो, म्हणून पट्टीवर 1440 असतं. आमची मोटर कमी भारावर असल्याने टॅकोवर 1465 दाखवत होती. 1465 भागिले 2.82 म्हणजे 519. ब्लोअर 500वर होता, मधले एकोणीस बेल्ट घसरून जात होते. तीन इंची पुलीवर ए बेल्ट फार तीव्र वाकतो. त्याच्यासाठी किमान 75 मिलीमीटर पिच व्यास सांगितलेला असतो, माझी जेमतेम 70 भरत होती. वास त्याचाच. तिन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या म्हणून साठ फेरे गेले. एखादी उलट असती तर मला कळलंही नसतं.

आता नीट केलं. मोटरवर चार इंची पुली धरली, पिच पावणेचार. वेग पट्टीवरचाच घेतला, 1440. ब्लोअरला हवे 590.

`3.75 × 1440 ÷ 590 = 9.15`

बेल्ट थोडा घसरतोच, त्यासाठी दीड टक्का कमी केला, 9.0 झाले. त्यात पाव इंच परत मिळवला, बाहेरचा व्यास सव्वानऊ. सव्वानऊची पुली दुकानात नव्हती. होत्या नऊ आणि दहा. दुकानदार म्हणाला, "दहाची खरादून सव्वानऊ करून घ्या." हा सल्ला ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. पण बाहेरची कड खरादली तर खाच फक्त उथळ होते. बेल्ट ज्या रुंदीवर अडकतो ती जागा आहे तिथेच राहते, वेग तसाच. खरंच कमी करायचं तर प्रत्येक खाच त्याच कोनात खोल कापावी लागते, आणि त्या मजुरीत नवी पुली येते.

म्हणून दोन्ही पर्याय वेगात बदलून पाहिले. नऊची घेतली तर पावणेनऊ भागिले पावणेचार, प्रमाण 2.33, घसरण धरून साधारण 608. दहाची घेतली तर 546. पहिली तीन टक्के जास्त, दुसरी साडेसात टक्के कमी. तीन टक्के वेग वाढला तर ताकद नऊ टक्के वाढते. दोन एचपीचे सव्वादोनच्या आत राहणार होते आणि मोटर तीनची. नऊची घेतली. मोटर आधीच पूर्ण भारावर असती तर मी दहाकडे गेलो असतो.

चिकटलेली आठ इंची पुली पुलरने वीस मिनिटांत निघाली. त्या वीस मिनिटांच्या कंटाळ्यापायी मी चार दिवस घालवले.

दोन्ही नवीन बेल्ट एकाच नंबरचे, एकत्र घेतलेले लावले. जुना-नवा जोडला तर सगळा भार आखूड असलेल्यावर येतो. चालू केल्यावर टॅको 606, करंट 3.9. दुसऱ्या दिवशी बेल्ट बसून जरा ढिले पडले, एकदा ताणले. आणि हो, दुकानातून निघण्याआधी पुलीवर कॅलिपर लावून बघा. काही पुल्यांवर ठोकलेला आकडा पिच व्यासाचा असतो, त्यातून पुन्हा पाव इंच वजा केलात तर चूक उलट्या बाजूला होईल. बी सेक्शनच्या जाड बेल्टला पाव इंच पुरत नाही, तिथे 8.4 मिलीमीटर धरायचे.

तीन इंची पुली परत करायला गेलो होतो. बोअर पाडलेला माल परत घेत नाही म्हणाला.