दिवाळीतलं उरलेलं दूध: तूप, पनीर की डेअरी?

आमच्या पाच म्हशी. घर मुळशीत, रतीब कोथरूडला. घरपोच लिटरला 75 रुपये मिळतात, म्हणून डेअरीला घालायची वेळ सहसा येत नाही. पण दिवाळीत दोन गोष्टी एकदमच होतात. पावसाळ्याच्या शेवटी व्यायलेल्या म्हशी तेव्हा भर दुधात असतात आणि नेमक्या तेव्हाच काकू-मावश्या सांगतात, "आम्ही गावाला चाललोय, आठ दिवस दूध नको." गेल्या दिवाळीत रोज 10 लिटर उरायला लागलं. संकलन केंद्रावर 6.8 फॅटला 52 रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला 520. मी म्हटलं, घरीच काहीतरी करून बघू. वही घातली आणि रोजचं लिहीत गेले.

पहिल्यांदा पनीर केलं आणि पहिलाच घाणा बिघडला. लिंबं पिळली, दूध फाटलं, पण खालचं पाणी पांढरंच राहिलं. मला वाटलं झालं, आणि गाळून टाकलं. 10 लिटरात जेमतेम 1 किलो 400 ग्रॅम निघालं. आंबट कमी पडलं की दूध पुरतं फाटत नाही आणि पनीर पाण्यातच जातं, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी चिडून उकळत्या दुधातच लिंबाचा रस भसाभस ओतला. पनीर कडक, रवाळ झालं, सुरी लावली की भुगा.

तिसऱ्या दिवशी सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या. "दुधाला दमानं घे गं, ते काय पळून चाललंय?" दूध उकळीपर्यंत नेलं, गॅस बंद केला आणि पाच-सात मिनिटं थांबले. 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड लिटरभर गरम पाण्यात विरघळवलं आणि पळीपळीनं घालत हलक्या हातानं ढवळलं. पाणी हिरवट-पिवळं, नितळ दिसू लागलं तिथेच हात थांबवला. थोडं ॲसिड भांड्यात उरलं. फडक्यात बांधून वर पाच किलो पिठाचा डबा ठेवला, मग वडी दोन तास थंडगार पाण्यात. वजन 1 किलो 900 ग्रॅम. खालची निवळी म्हशींच्या पेंडीत गेली.

घरगुती गिऱ्हाईकाला 400 रुपये किलोनं हे 760 रुपये होतात. गॅस आणि ॲसिडचे 35 काढले तर 725. डेअरीपेक्षा 200 जास्त. पण दिवाळीत गिऱ्हाईकच गावाला गेलेलं! हॉटेलवाल्यानं 300 सांगितले. म्हणजे 570, खर्च जाऊन 535. पंधरा रुपयांसाठी दोन तास चुलीपुढे कोण उभं राहणार? शिवाय पनीर फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांवर ठेवायची माझी हिंमत नाही.

मग तूप. दूध तापवून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी साय काढायची आणि डब्यात विरजण लावून साठवायची. पाच दिवसांची साय घुसळून लोणी कढवलं. तडतड थांबली, बेरी बदामी झाली, तेव्हा उतरवलं. पाच दिवसांच्या 50 लिटरांतून तूप निघालं 2 किलो 50 ग्रॅम, म्हणजे 10 लिटरांमागे 410 ग्रॅम. 900 रुपये किलोनं धरलं तरी 369 रुपये. डेअरीच्या 520 पुढे हे तोट्याचंच! हिशेब साधा आहे: 6.8 फॅटच्या 10 लिटरांत साधारण 700 ग्रॅम स्निग्धांश असतो, पण हातानं काढलेल्या सायीत तो सगळा येत नाही. बराचसा खालच्या दुधातच राहतो. क्रीम सेपरेटरनं जवळजवळ सगळा निघतो, पण आठ दिवसांसाठी यंत्र कोण घेणार?

म्हणून तुपाची बाजू दह्यावर तोललेली आहे. साय काढलेल्या दुधाचं साधारण 9 किलो दही लागतं. सगळं 60 रुपयांनी गेलं तर 540, आणि तूप धरून 909. माझं रोज 4 किलोच गेलं, एका मेसला आणि शेजारी दोन घरांना. साय काढलेली आहे हे सांगूनच दिलं. 240 अधिक 369, म्हणजे 609, त्यात गॅस जायचाच. उरलेल्या दह्याचं ताक करून घरात आणि वाड्यात वाटलं. मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळली.

तरी तूप मी बंद केलं नाही. डेअरीपेक्षा फार मिळत नाही, पण ते थांबतं. बरणीत भरून ठेवलं आणि लोक परतल्यावर रतीबाच्या पिशवीबरोबर पंधरा दिवसांत संपलं. पनीर आता मागणी असेल तरच, आदल्या दिवशी सांगितलं तर. आणि ज्या दिवशी दूध 75 रुपयांनी जातंय, त्या दिवशी यातलं काहीच करत नाही: 10 लिटरांचे 750 होतात, पनीरचे सगळे कष्ट करून 725. सासूबाईंना हा आकडा दाखवला तर म्हणाल्या, "मग एवढी लिंबं कशाला पिळलीस?"