नोंद ७ : चौसष्ट मिनिटं की तीस?

रविवारी भाचीने जळगावहून प्लेट रीडरच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. "मामा, एलबी माध्यमात ३७ अंशांवर ई. कोलाय वाढवलाय. किती मिनिटांत दुप्पट होतो, ते काढून दाखवा." ६०० नॅनोमीटरची ओडी, म्हणजे जंतूंनी द्रव किती गढूळ झाला त्याचं माप, दर २० मिनिटांनी एक वाचन.

भुसावळच्या उकाड्यात, पंख्याखाली बसून आकडे शीटमध्ये भरले. ४० मिनिटांपासून पुढे असे: ०.११०, ०.१२२, ०.१४८, ०.१७०, ०.२१७, ०.२९२, ०.३८०, ०.४५०. साठाव्या आणि एकशेचाळिसाव्या मिनिटाचे आकडे घेऊन गणित केलं, तर उत्तर आलं ६४ मिनिटं. चांगला हलवलेला ई. कोलाय एलबीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. प्लेटमध्ये हवा कमी मिळते, म्हणून थोडा रेंगाळेल, पण इतका?

चूक माझीच. प्लेटमधल्या नुसतं माध्यम भरलेल्या खळग्यांची सरासरी, म्हणजे ब्लँक, ०.०९० होती, ती वजा करायची राहिली होती. ही ओडी जंतूंची नाही, प्लास्टिकची आणि माध्यमाची. ती जंतू वाढले तरी तेवढीच राहते, त्यामुळे गुणोत्तर दबतं. वजा केल्यावर:

```
=80*LN(2)/LN((0.292-0.090)/(0.122-0.090))
```

उत्तर ३०.१ मिनिटं.

पण कुठून कुठपर्यंतची वाचनं घ्यायची, हे डोळ्यांनी ठरवू नये. वजाबाकीनंतर प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागून पाहिलं. जवळपास सगळीकडे १.६ येत होतं, मध्येच एकदा १.८ आणि लगेच १.४. असं एक चढं आणि शेजारीच एक उतरतं गुणोत्तर दिसलं, की जंतूंना दोष देऊ नका, आकडा तपासा. चित्र मोठं करून पाहिलं तर ०.१४८ नव्हतंच, ०.१४० होतं. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या चित्रात शून्याचं आठ झालं होतं. मी पहिलं आणि शेवटचं टोक घेतलं होतं म्हणून उत्तर वाचलं. सगळ्या बिंदूंतून रेषा काढली असती तर थोडं तरी हललं असतं. १४० मिनिटांनंतर गुणोत्तर १.४४, मग १.२४, म्हणजे वाढ मंदावली. ती वाचनं सोडून दिली.

भाचीने एक चांगली शंका काढली: खळग्यात द्रवाची उंची अर्धा सेंटिमीटरच असते, क्युव्हेटमध्ये प्रकाश एक सेंटिमीटर जातो, मग दुरुस्ती नको का? दुप्पट होण्याच्या वेळेला नको. दोन्ही आकडे एकाच पटीने वाढतात, भागाकारात ती पट उडते. ब्लँक मात्र उडत नाही. तो ०.०८५ धरला तर ३२ मिनिटं येतात, ०.०९५ धरला तर २८, कारण सुरुवातीची खरी ओडी जेमतेम ०.०३२ आहे.

म्हणून उत्तर "सुमारे ३० मिनिटं" असंच लिहून पाठवलं. दशांशावर वाद घालत बसलो नाही. ब्लँकच्या खळग्यांचे वेगवेगळे आकडे आणि मूळ फाईल मागितली आहे, स्क्रीनशॉट नको म्हटलं.