डब्यावरचं इटालियन

आज रत्नागिरीच्या आमरसाच्या डब्यासाठी एका विद्यार्थिनीने लिहिलेला इटालियन मजकूर तपासला. ‘सेन्त्सा प्रेझेर्वातीवी’ लगेच सापडलं. सेन्त्सा म्हणजे ‘विना’, आणि प्रेझेर्वातीवी म्हणजे कंडोम! टिकवण्यासाठी घालतात ती रसायनं म्हणजे ‘कॉन्सेर्वांती’. असली हसवणारी चूक लपत नाही.

खरा चकवा ‘आत्तुआल्मेंते’ देतो. ‘आत्तुआल्मेंते यात साखर नाही’ हे वाक्य व्याकरणात चोख, त्यामुळे स्पेलचेकही गप्प. पण अर्थ होतो ‘सध्या साखर नाही’, म्हणजे पुढच्या डब्यात घालणार की काय? तिच्या डोक्यात इंग्रजी ‘अ‍ॅक्च्युअली’ होतं. तिथे ‘इन रेआल्ता’, म्हणजे ‘खरं तर’, हवं. ‘आत्तुआल्मेंते’ दिसला की त्याजागी ‘आदेस्सो’, म्हणजे ‘आत्ता’, घालून वाचावं. वाक्य भलतंच वाटलं तर बदलावं. ‘सध्या हापूसचा हंगाम आहे’ अशा वाक्यात मात्र तोच शब्द बरोबर, तिथे लाल पेन आवरावं.