हजार पौंडांचे घरी किती रुपये पोचतात

लेस्टरमध्ये आल्यावर पहिली दीड वर्षे मी साताऱ्याला आई-बाबांना ज्या सेवेतून पैसे पाठवत होतो, तिच्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'शुल्क शून्य' असे लिहिलेले असे आणि मी त्यावर समाधानी होतो. पहिल्या वेळी दरही उत्तम मिळाला होता. तो केवळ नव्या ग्राहकासाठीचा सवलतीचा दर होता आणि दुसऱ्या महिन्यापासून तो उतरला, हे आईने पासबुकाचा फोटो पाठवल्यावर मी प्रथमच आकडेमोड केली तेव्हा ध्यानात आले.

बँका आपापसांत ज्या दरांनी चलन घेतात आणि देतात, त्या दोन दरांच्या मधला दर इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. सेवा देणारी कंपनी आपल्याला त्याहून जेवढा कमी दर देते, तेवढी तिची दरातली कमाई असते, आणि ती पावतीवर वेगळी दाखवलेली नसते. समजा, मधला दर पौंडाला 110 रुपये आहे. शुल्क न घेणारी सेवा 108.35 रुपये देत असेल, तर 1000 पौंडांचे 1,08,350 रुपये होतात. दुसरी सेवा पूर्ण 110 रुपयांचा दर देते, पण 2 पौंड आणि वर रकमेच्या 0.35 टक्के असे एकूण 5.50 पौंड शुल्क आधीच कापून घेते. उरलेल्या 994.50 पौंडांचे 1,09,395 रुपये होतात, म्हणजे शुल्क देऊनही घरी 1,045 रुपये जास्त पोचतात.

रक्कम लहान असली की मात्र हे गणित उलटते, कारण ते 2 पौंड ठरलेलेच असतात. 100 पौंडांचे पहिल्या सेवेतून 10,835 रुपये मिळतात आणि दुसरीतून साधारण 10,741. या दरांनी दोन्ही सेवा सुमारे 174 पौंडांवर सारख्या पडतात.

बँकेतून थेट स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने पौंडच पाठवले, तर हिशेब आणखी अवघड होतो. वाटेतली मध्यस्थ बँक आपले शुल्क कापू शकते, आणि भारतातली बँक रुपये करताना स्वतःचा दर लावून वर वस्तू व सेवा करही घेते. एक लाख रुपयांच्या रूपांतरावर हा कर 180 रुपये होतो. म्हणून प्रत्यक्ष किती जमा होणार, हे पाठवताना सांगता येत नाही.

आता मी दोन्ही सेवांच्या पडद्यांवर एकाच वेळी तीच रक्कम घालतो, कारण तासाभरातही दर हलतो. शुल्काची ओळ सोडून 'मिळणारे रुपये' एवढाच आकडा पाहतो आणि नंतर तो पासबुकातल्या नोंदीशी ताडून घेतो. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या सेवेतून जातात आणि ताईची भाऊबिजेची ओवाळणी अजूनही पहिलीतूनच जाते.