कल्चरच्या दोन बाटल्या आणि एकच चौकट: आप्पांच्या परमकॅथचा अनुभव

आमच्या आप्पांना गळ्यातून परमकॅथ घातली होती, म्हणजे डायलिसिसची ती नळी जी मानेतल्या मोठ्या शिरेतून पार हृदयाजवळ जाते आणि कातडीखालून थोडी सरकवून छातीवर बाहेर काढतात. आम्ही निपाणीच्या बाजूचे, डायलिसिसला बेळगावला. मंगळवार आणि शुक्रवार.

एका शुक्रवारी मशीन लावून पाऊण तास झाला असंल, आप्पा एकदम कुडकुडायला लागले, दात वाजत होते, दोन घोंगड्या घातल्या तरी थांबंना. ताप १०२. इंजेक्शन दिलं, ताप उतरला, घरी आलो. शनिवार-रविवार माणूस ठणठणीत. मंगळवारी परत मशीन लावलं आणि परत तेच. गावातल्या डॉक्टरांनी थंडीताप म्हणून मलेरिया, टायफॉईड तपासलं आणि सोबत ॲन्टिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली. नळीच्या तोंडाशी ना लाली, ना पू, म्हणून नळीवर कुणाचा संशयच गेला नाही.

किडनीच्या डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी विचारलं, थंडी मशीन लावल्यावरच वाजते का? नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर बसतो, पंप सुरू झाला की त्यातले जंतू थेट रक्तात ढकलले जातात, म्हणून बाहेरनं नळी स्वच्छ दिसली तरी आत घाण असू शकते. त्यांनी लगेच कल्चर केलं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघतात, पण गावात इंजेक्शनं होऊन गेलेली, पाच दिवसांनी रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’. डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ इन्फेक्शन नाही असा नव्हे, औषधानं जंतू बाटलीत वाढलेच नाहीत. ती इंजेक्शनं मीच द्यायला लावली होती, घाई मलाच.

औषध थांबल्यावर आठवड्याभरात परत थंडी. या वेळी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं: ॲन्टिबायोटिकच्या आधी दोन बाटल्या, एक नळीतून, एक हातातून, दोन्हीत सारख्याच मापाचं रक्त, एकाच वेळी. आणि इथं लॅबच्या काउंटरवर माझं डोकं फिरलं. फॉर्मवर सॅम्पल कुठनं घेतलं त्याला एकच चौकट. काउंटरवरचा म्हणतो एका पेशंटची एकच एंट्री, दोन्ही रक्त एकात घालू. मी म्हटलं अहो तसं नाही, जंतू वाढले की लॅबचं मशीन वाजतं, त्यात नळीची बाटली आधी वाजते की हाताची, तेच तर बघायचंय. तो कानडीत म्हणतो, ‘आगूदिल्ल री’, म्हणजे होणार नाही. आत आप्पा घोंगडीत थरथरतायत, बाहेर मी चौकटीवर भांडतोय, सिस्टर ॲन्टिबायोटिक भरून उभी. शेवटी डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा दोन फॉर्म, दोन पावत्या, दुप्पट पैसे. बाटलीवर मी स्वतः पेनानं ‘नळी’ आणि ‘हात’ आणि वेळ लिहून घेतली. त्यात रक्त घेणारा पोरगा डाव्या कोपरात सुई घालायला निघाला! डावा हात फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसला शीर धमनीला जोडतात त्यासाठी, राखून ठेवलाय, सुई नको, बीपीचा पट्टापण नको. उजव्या हाताच्या पंज्यावरनं घ्यायला लावलं. मग औषध दिलं, आधी नाही.

नळीची बाटली ११ तासांत वाजली, हाताची १५ तासांत. दोन तासांहून जास्त फरक म्हणजे घाण नळीतच. जंतू स्टॅफ ऑरियस निघाला. हा असला की नळी नुसती औषधानं वाचवत बसत नाहीत, काढतात, कारण तो हृदयाच्या झडपेवर नाहीतर मणक्यात जाऊन बसतो. एको केला, झडपा ठीक. मध्ये मांडीत तात्पुरती नळी, कल्चर निगेटिव्ह आल्यावर नवीन परमकॅथ, आणि चार आठवडे प्रत्येक डायलिसिसनंतर इंजेक्शन. या दिवसांत नवी पाठदुखी झाली तर लगेच सांगा म्हणाले. वयस्कर किंवा शुगरच्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, नुसतं बीपी पडतं किंवा माणूस बरळायला लागतो, तेही यातच धरायचं म्हणे.

हां, एक राहिलं, गावात सलाईन लावायला शीर सापडंना तेव्हा एकजण म्हणाला ही नळी आहेच की, तिच्यातनं लावू. अजिबात नाही. डायलिसिसवाल्यांशिवाय कुणी टोपण उघडायचं नाही, आणि उघडताना आप्पांच्या तोंडालापण मास्क पाहिजे.

फिस्टुला करा म्हणून डॉक्टर वर्षभर आधीच सांगत होते, डायलिसिस लागायच्या आधीच. त्यात स्वतःचीच शीर स्वतःच्याच धमनीला जोडतात, आत प्लास्टिक काही नाही, वर कातडी बंद, जंतूंना घर करायला जागाच कमी. पण शीर फुगून सुई सोसायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात, आणि आप्पा म्हणाले हाताला चिरा कशाला, वेळ आल्यावर बघू. वेळ आली तेव्हा युरिया चढलेला, थांबायला सवड नव्हती, म्हणून नळी. शिवाय मोठ्या शिरेत नळी फार दिवस राहिली की ती शीर आकसते आणि मग त्या बाजूच्या फिस्टुलालाच अडचण होते.

आता डाव्या मनगटावर फिस्टुला झालाय. रोज सकाळी चहाच्या आधी आप्पा मला बोट ठेवायला लावतात, आत मांजर गुरगुरतंय तसं लागतं. ते गुरगुरणं थांबलं तर त्याच दिवशी बेळगाव गाठायचं.