नालंदा: चार दिशांकडून आलेल्यांसाठी

राजगीरहून नालंद्याच्या अवशेषांपाशी पोहोचलो तेव्हा डिसेंबरचे धुके अजून पुरते विरले नव्हते. दोन उंच विटांच्या भिंतींमधल्या अरुंद वाटेने आत गेल्यावर उजव्या हाताला विहारांची रांग लागते. मी सरळ क्रमांक एकच्या विहारात शिरलो. मधले चौकोनी अंगण, भोवती भिक्षूंच्या खोल्या, काही खोल्यांत निजण्यासाठी बांधलेले ओटे, भिंतीत कोनाडे, अंगणात विहीर आणि पाणी वाहून नेणारी गटारे. एका खोलीच्या उंबरठ्याशी मी बराच वेळ बसून राहिलो. चीन, कोरिया, तिबेट आणि सुमात्रा इथून निघालेली माणसे वर्षानुवर्षे अशाच खोल्यांत का राहिली, हा प्रश्न घेऊन मी इथवर आलो होतो.

त्याच्या उत्तराचा एक भाग याच विहारात 1921 साली सापडला. तो म्हणजे पाल राजा देवपाल याचा नवव्या शतकातला ताम्रपट. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे सुमात्राकडचा, राजा बालपुत्रदेव याने नालंद्यात एक विहार बांधला आणि दूत पाठवून देवपालाला विनंती केली, म्हणून देवपालाने त्या विहाराच्या खर्चासाठी पाच गावे दान दिली, असे त्यात कोरले आहे. दान कशासाठी, तेही सांगितले आहे: चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघाची वस्त्रे, अन्न, अंथरूण आणि आजारपणातील औषधे, धर्मग्रंथांचे लेखन, आणि विहाराची पडझड झाली तर तिची दुरुस्ती. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ग्रंथलेखन. पोथीच्या प्रती करण्याचा खर्च जेवणाखाणाच्या बरोबरीने गावांच्या उत्पन्नावर टाकलेला होता. ही व्यवस्था जुनीच होती. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रमार्गाने आलेला चिनी भिक्षू इत्सिंग दोनशेहून अधिक गावे नालंद्याकडे असल्याचे लिहितो. वाटेत श्रीविजय येथे सहा महिने थांबून तो संस्कृत व्याकरण शिकला होता, कारण ते आल्यावाचून इथल्या शिक्षणाचा उपयोग नव्हता.

त्याच्या आधी आलेल्या ह्युएनत्संगाची गोष्ट याहून तपशिलात कळते. (हाच भिक्षू पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला होता.) चीनमध्ये त्याने वाचलेल्या भाषांतरांत एकाच सिद्धांताचे परस्परविरोधी अर्थ लावलेले होते, आणि तो गुंता मूळ ग्रंथावाचून सुटणारा नव्हता. त्याला हवा होता ‘योगाचारभूमिशास्त्र’ हा ग्रंथ आणि तो ओळ न् ओळ समजावून सांगणारा गुरू. मध्य आशियातील वाळवंटे आणि डोंगर ओलांडून तो 637च्या सुमारास इथे पोहोचला. त्याने लिहून ठेवले आहे की बाहेरून वादासाठी येणाऱ्यांना द्वारपालच कठीण प्रश्न विचारीत आणि दहांतले सात-आठ जण तिथूनच परत फिरत.

तेव्हाचे प्रमुख आचार्य शीलभद्र बंगालकडील समतट प्रदेशाचे होते आणि अतिशय वृद्ध होते. ह्युएनत्संगाच्या चरित्रानुसार त्यांनी या ग्रंथाचे विवेचन पंधरा महिन्यांत पूर्ण केले. या पाहुण्याला रोज महाशाली नावाचा सुवासिक, टपोरा तांदूळ, वीस सुपाऱ्या, जायफळे आणि कापूर मिळत असे. यादी वाचताना पाहुणचाराचे कौतुक वाटते, पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्या पंधरा महिन्यांची आहे: एकच ग्रंथ, तोही एवढ्या सावकाशीने, पोटाची चिंता न करता ऐकता येईल अशी जागा गावांच्या धान्यावर उभी राहिली होती. ह्युएनत्संगाने हे शास्त्र पुन्हा पुन्हा ऐकले.

दुपारी संग्रहालयात एक मातीची मुद्रा पाहिली. वर धर्मचक्र, त्याच्या दोन बाजूंना हरणे, आणि खाली ‘श्रीनालंदामहाविहारीयार्यभिक्षुसंघस्य’ अशी अक्षरे. मुद्रा भिक्षुसंघाच्या नावाची आहे, राजाच्या नव्हे, हे मला फार बोलके वाटले.

ह्युएनत्संग 645 साली 657 ग्रंथ घेऊन चीनला परतला. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. पुढे 654 साली बोधगयेच्या महाबोधी विहारातील भिक्षूंशी त्याचा पत्रव्यवहार झाला. आपल्या पत्रात त्याने शीलभद्रांच्या निधनाचे दुःख व्यक्त केले, कोणकोणत्या ग्रंथांची भाषांतरे झाली ते कळवले, आणि सिंधूत हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडून, इकडे येणारा कोणी असेल तर त्याच्यासोबत त्या पोथ्या पाठवाव्यात, अशी विनंती केली.