मूळव्याध समजून अडीच महिने काढले, रक्त मात्र दुसरीकडूनच येत होते

मला यकृताचा सिरोसिस असल्याचे तीन वर्षांपूर्वी कळले. मी दारूला कधी स्पर्श केलेला नाही. वीस वर्षांचा मधुमेह आणि पोटावरची चरबी एवढे कारण यकृत हळूहळू कडक व्हायला पुरले, तरीही सिरोसिस म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, त्याला मी अजून सरावलेलो नाही. आजार कळला तेव्हाच अन्ननलिकेतील शिरा फुगल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले होते. दोन वेळा त्यांच्यावर रबरी बँड बसवले गेले आणि शिरांमधील दाब उतरवणारी कार्व्हेडिलॉलची गोळी सुरू झाली. रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखे काळे झाले तर ताबडतोब या, असे मला बजावून सांगितले होते. शौचातून लाल रक्त गेले तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात शौचाच्या वेळी रक्त दिसू लागले. दुखणे नाही, आग नाही. भांड्यात ताजे लाल रक्त पडलेले असे, तेही आठवड्यातून एक-दोन वेळा. आमच्या घरात मूळव्याध पिढीजात. वडिलांना होती, थोरल्या भावाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे आता आपली पाळी आली, एवढेच माझ्या मनात आले. इसबगोल सुरू केले, तिखट बंद केले, ताक वाढवले. रक्त लाल आहे म्हणजे ते खालूनच येते आहे, आणि खालून येते म्हणजे मूळव्याधच, असे माझे सरळसोट गणित होते. त्यातले पहिले अर्धे बरोबर निघाले.

अडीच महिन्यांनी गावातल्याच एका मूळव्याधीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या कागदावर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्यापुढे चौकटी होत्या; मधुमेहावर मी खूण केली. यकृताविषयी काही विचारलेले नव्हते, आणि पोटाच्या एका टोकाचा आजार दुसऱ्या टोकाशी जोडलेला असेल असे माझ्याही डोक्यात आले नाही. छोट्या नळीतून दोन मिनिटे पाहून डॉक्टरांनी आतले कोंब असल्याचे सांगितले आणि शनिवारी येऊन बँड बसवून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे, घरी परत जाल, असा दिलासा दिला. दोष केवळ त्यांचा होता असे मी म्हणणार नाही. यकृताची जाड फाइल घरच्या कपाटात होती आणि ती मी नेलीच नव्हती.

शनिवार उजाडण्यापूर्वीच, गुरुवारी रात्री सव्वादोन वाजता पोटात कळ न येताच शौचाला जावे लागले. या वेळी थेंब नव्हते. गडद लाल रक्त आणि त्यात गाठी, मिळून अर्धा तांब्या तरी असावे. उठून उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बायकोने हाताला धरले. ती म्हणाली, "अहो, ही मूळव्याध नव्हे," आणि मी काही बोलण्याआधी तिने मुलाला उठवून १०८ वर फोन लावायला सांगितले. मी तेव्हाही सकाळपर्यंत थांबू म्हणत होतो. रुग्णवाहिकेत मोजलेली नाडी ११८ आणि वरचा रक्तदाब ९० होता.

मिरजेच्या रुग्णालयात तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांना मुलाने "बाबांना मूळव्याध आहे" असेच सांगितले आणि त्यांनीही मान डोलावली. तेवढ्यात बायकोने पिशवीतून ती फाइल काढून टेबलावर ठेवली. सिरोसिस हा शब्द वाचताच त्या डॉक्टरांची चाल बदलली, हे मला गुंगीतही जाणवले. दोन्ही हातांत जाड सुया गेल्या, रक्ताचे नमुने घेतले गेले, शिरेतून प्रतिजैविक सेफ्ट्रियाक्झोन दिले गेले आणि आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब उतरावा म्हणून ऑक्ट्रिओटाइडचे थेंब सुरू झाले. रक्तदाब खाली असल्यामुळे कार्व्हेडिलॉल तूर्त थांबवले. दुर्बिणीचा तपास व्हायच्या आधीच हे सारे झाले. हिमोग्लोबिन ६.८ भरले, दोन महिन्यांपूर्वी ते १०.४ होते.

रक्त चढवताना मात्र त्यांनी हात आखडता घेतला आणि माझ्या मुलाला ते खटकले. त्याला वाटत होते की चार बाटल्या लावून हिमोग्लोबिन बारापर्यंत न्यावे. पोटविकार तज्ज्ञांनी त्याला समजावले की आमचे लक्ष्य सात ते आठच्या दरम्यान आहे. जितके जास्त रक्त भरू, तितका शिरांमधील दाब वाढेल आणि थांबू पाहणारी गळती पुन्हा सुरू होईल. त्याच कारणाने, रक्त गोठण्याचा आकडा बिघडलेला दिसला तरी नुसता तो सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या लावल्या नाहीत.

सकाळी आधी तोंडावाटे दुर्बीण घातली गेली. खालून रक्त जात असताना वरून तपासणी कशासाठी, असे मी विचारले. वरच्या भागात फार वेगाने रक्तस्राव झाला तर रक्त काळे पडायला वेळच मिळत नाही आणि ते लालच बाहेर येते, असे त्यांचे उत्तर होते. अन्ननलिका ठीक होती. मग खालून लवचिक दुर्बीण गेली, आणि गुदद्वारापासून सुमारे आठ सेंटिमीटर वरपर्यंत निळसर करड्या, नागमोडी शिरा पसरलेल्या दिसल्या. त्यांतील एका शिरेवर तांबडा ठिपका होता. रक्त तिथूनच आले होते.

पुढे वॉर्डात डॉक्टरांनी माझ्याच केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून दाखवले. मलाशयाच्या वरच्या भागातील रक्त आतड्यांच्या शिरेतून यकृताकडे जाते आणि खालच्या भागातील रक्त थेट हृदयाकडे परतणाऱ्या शिरांना मिळते. या दोन वाटांची तिथे गाठ पडते. यकृत कडक झाले की त्याच्याकडे जाणारे रक्त तुंबते. त्या शिरांना परतीचा प्रवाह अडवणाऱ्या झडपा नसल्याने रक्त उलटे फिरते आणि या गाठीच्या ठिकाणाहून पळवाट काढते. आडवाटेवर अवजड वाहनांची वर्दळ सुरू व्हावी तशा या बारीक शिरा ताणल्या जातात. अन्ननलिकेत जे घडते तेच हे, फक्त दुसऱ्या टोकाला. मूळव्याध ही निराळी गोष्ट आहे. गुदमार्गात प्रत्येकालाच असणाऱ्या मऊ गाद्या सुजून खाली घसरणे म्हणजे मूळव्याध, आणि तिचा यकृताकडच्या दाबाशी असा थेट संबंध नाही.

मग त्या छोट्या नळीतून फरक का कळला नाही? त्यांनी सांगितले की मूळव्याधीचे कोंब गुदद्वाराजवळच असतात आणि जोर केल्यावर नळीत उतरतात. फुगलेल्या शिरा मलाशयात बऱ्याच वरपर्यंत जातात, खाली घसरत नाहीत, आणि बोटाने दाबल्या तर रिकाम्या होऊन सोडल्यावर पुन्हा भरतात. पण नळी आखूड असते, तिच्या दाबामुळे शिरा चपट्या होतात, आणि पाहणाऱ्याच्या मनात मूळव्याधच असेल तर खालचा फुगवटा कोंबच वाटतो. शनिवारचा तो बँड बसला असता तर काय झाले असते, हे विचारायचे धाडस मी तिसऱ्या दिवशी केले. अन्ननलिकेत बँड चालला, मग इथे का नाही, हाही प्रश्न होताच. डॉक्टर म्हणाले, "काका, छोट्या शिरांवर दुर्बिणीतून पाहत बँड लावतातही. पण तुमची शीर रुंद आहे, तिच्यात दोन्ही बाजूंनी रक्त येते. बँड तिला पुरता आवळणार नाही. काही दिवसांनी तो गळून पडला की तिथे जखम राहील, आणि ती जखम भरल्या दाबाच्या शिरेवर असेल. त्या वेळी तुम्ही घरी असाल."

दुर्बिणीत शीर दिसली त्याच दिवशी तिच्यात ग्लूचे इंजेक्शन दिले गेले होते. हा द्रव रक्ताला लागताच घट्ट होतो आणि शीर आतून बुजते. चार दिवसांनी पुण्याला पाठवले गेले, जिथे सोनोग्राफी जोडलेल्या दुर्बिणीतून शिरेतील प्रवाह पाहत आधी बारीक धातूची कॉइल आणि तिच्यावर पुन्हा ग्लू सोडला. कॉइलमुळे ग्लू वाहून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका कमी होतो. यकृतातून कृत्रिम मार्ग काढून दाबच उतरवण्याचा पर्यायही चर्चेत आला होता. तो माझ्यासाठी मागे ठेवला गेला, त्याला कारण दुसऱ्या रात्रीची हकीकत आहे.

त्या रात्री मी परिचारिकेला माझी दिवंगत बहीण समजून बोलत होतो, असे नंतर कळले. आतड्यात साचलेले रक्त हे प्रथिनच असते. त्याच्या विघटनातून निघणारा अमोनिया कमजोर यकृताला निपटता येत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो. लॅक्टुलोज देऊन दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ होऊ लागल्यावर मी दीड दिवसात ताळ्यावर आलो. कृत्रिम मार्गाने तर आतड्याकडचे रक्त यकृताला वळसा घालूनच पुढे जाते, त्यामुळे हा गोंधळ बळावू शकतो. सिरोसिसमधला रक्तस्राव सकाळपर्यंत का थांबवून ठेवू नये, हे मला त्या रात्रीवरून उमगले. नुसते रक्त कमी होत नाही; रक्तदाब उतरला की आधीच थकलेल्या यकृताचा आणि मूत्रपिंडांचा पुरवठा तुटतो, त्या काळात जंतुसंसर्ग सहज होतो, आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला आपण बिघडतो आहोत हेच कळत नाही.

आता माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर बायकोने तीन ओळी लिहिल्या आहेत: सिरोसिस आहे, मलाशयात फुगलेल्या शिरा आहेत, यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुदमार्गावर कोणतीही प्रक्रिया करू नये. गुडघेदुखीसाठी मी सर्रास घेत असे त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बंद झाल्या, कारण त्या पोटात रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात. कार्व्हेडिलॉल पुन्हा सुरू आहे. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत ग्लू भरलेली शीर बुजलेली दिसली, शेजारची एक अजून बारीक आहे आणि तिच्यावर नजर ठेवली जात आहे.

त्याच तपासणीत गुदद्वाराजवळ दोन छोटे कोंबही दिसले. म्हणजे मूळव्याध मला आहेच. गावातल्या डॉक्टरांनी पाहिले ते अगदीच खोटे नव्हते. मात्र उद्या भांड्यात लाल थेंब दिसला तर तो कोंबाचा की शिरेचा, हे मला घरी बसून सांगता येणार नाही, म्हणून थेंब दिसला तर त्याच दिवशी फोन आणि धार, गाठ किंवा चक्कर असेल तर थेट १०८, असे आमच्यात ठरले आहे. गेल्या महिन्यात एकदा थेंब दिसला. फोन केला, त्याच दुपारी तपासणी झाली, हिमोग्लोबिन ९.९ होते आणि रक्त त्या कोंबातलेच निघाले.